दुसऱ्या अटॅकची भीती: आधी एक कागद लिहा, मग चालायला लागा

आज पहिल्यांदाच आलेले बरेच जण दिसतायत, म्हणून जुन्या मंडळींना माहीत असलेलं पण परत पहिल्यापासून सांगतो. मी हृदयरोगतज्ज्ञ आहे आणि या ग्रुपमध्ये नवीन आलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो, "डॉक्टर, परत येईल का हो?" तर खरं उत्तर असं की ज्याला एकदा अटॅक येऊन गेलाय त्याला परत येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, ती पहिल्या वर्षात आणि त्यातही सुरुवातीच्या महिन्यांत सगळ्यात जास्त असते आणि नंतर उतरत जाते. औषधं, सिगारेट बंद, व्यायाम यांनी ती बरीच कमी होते पण शून्य होत नाही. "काही होत नाही, टेन्शन घेऊ नका" असं मी म्हणणार नाही, कारण ते तुम्हाला पटत नाही आणि रात्री दोन वाजता छातीत काही झालं की त्याचा उपयोगही होत नाही. तेव्हा उपयोगी पडतो तो आधी शांतपणे ठरवून ठेवलेला प्लॅन, म्हणून आजचं बहुतेक बोलणं त्यावरच आहे.

पायरी १: भीती शरीरात काय करते ते आधी समजून घ्या

अटॅकच्या आधी तुमच्या छातीत कधी टोचलं नव्हतं असं नाही, टोचायचंच, पण तेव्हा तुमचं लक्ष जायचं नाही. आता जातं, आणि लक्ष गेलं की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, अॅड्रेनालिन सुटतं, पल्स वाढते, घाम येतो, श्वास भरभर चालू होतो. भरभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यानेच बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, डोकं हलकं होतं, छाती आवळल्यासारखी वाटते. म्हणजे सुरुवात एका बारीकशा टोचण्याने झाली आणि पाच मिनिटांत छाती आवळणं, घाम, धडधड, दम असं सगळं हजर, जे सगळं तुम्ही पहिल्या अटॅकमध्ये पण अनुभवलंय. हा त्रास खरा असतो, मनाचे खेळ नसतात, शरीरात खरंच या गोष्टी चालू असतात, फक्त त्याचं कारण बंद झालेली रक्तवाहिनी नसते.

मग घरी बसून ओळखायचं कसं? पूर्ण खात्रीने ओळखता येत नाही, मला स्वतःलाही ईसीजी आणि रक्ताची टेस्ट न बघता येत नाही. काही गोष्टींवरून अंदाज मात्र बांधता येतो. एका बोटाने "इथे" असं दाखवता येतं, दाबलं की दुखतं, कूस बदलली किंवा खोल श्वास घेतला की बदलतं, दोन-चार सेकंद टोचून जातं, असं दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता कमी. याउलट अख्खा तळवा किंवा मूठ छातीवर ठेवून "असं दाबल्यासारखं होतंय" असं माणूस दाखवतो, ते खांद्यात, हातात, जबड्यात किंवा पाठीत जातं, चालताना किंवा जिना चढताना सुरू होतं आणि थांबलं की कमी होतं, किंवा बसल्या जागी सुरू होऊन मिनिटामिनिटाला वाढत जातं, सोबत गार घाम किंवा मळमळ, हे हृदयाचं मानायचं. बायकांमध्ये, डायबेटीस असलेल्यांमध्ये आणि वय झालेल्यांमध्ये छातीत न दुखता नुसता दम लागणं, अचानक गळून जाणं, पोटाच्या वर जडपणा असंही असतं. आणि दुसरा अटॅक पहिल्यासारखाच वाटेल असं काही नाही, हे लक्षात ठेवा.

या ओळखीचा उपयोग करायचा तो प्लॅनमधली कुठली ओळ लागू होते ते बघायला. "काही नाहीये, झोप" असं स्वतःला समजवायला तिचा वापर करायचा नाही.

पायरी २: कागद लिहा

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे म्हणून जरा वेळ घेतो. पुढच्या तपासणीला जाताना कोरा कागद घेऊन जा आणि तुमच्या डॉक्टरांसमोर बसून भरा, कारण प्रत्येकाची औषधं वेगळी असतात. वर तुमचं नाव, कधी अटॅक आला, कुठल्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे, कुठल्या गोळ्या चालू आहेत, कशाची अॅलर्जी आहे, ॲम्ब्युलन्सचा नंबर आणि ज्या हॉस्पिटलात अँजिओप्लास्टीची सोय चोवीस तास आहे त्याचं नाव. जवळचं कुठलंही हॉस्पिटल लिहू नका, ही सोय आहे का ते आजच विचारून ठेवा. खाली प्लॅन, आणि तो साधारण असा असतो.

छातीत काही झालं की जे करताय ते थांबवून बसायचं. उभं राहायचं नाही, फेऱ्या मारायच्या नाहीत, "बघू जिना चढून काय होतं" असले प्रयोग तर अजिबात नाहीत (हे करणारे लोक मी खूप पाहिलेत). घड्याळ बघायचं आणि वेळ लिहायची, कारण भीतीत दोन मिनिटं पंधरा मिनिटांसारखी वाटतात आणि कधी कधी उलटंही होतं.

डॉक्टरांनी जिभेखालची नायट्रोग्लिसरीनची गोळी किंवा स्प्रे दिला असेल तर बसूनच एक डोस घ्यायचा. बसूनच का, तर त्याने बीपी खाली येतं आणि उभं असताना घेतली तर चक्कर येऊन माणूस पडतो. डोकं ठणकलं, चेहरा गरम झाला तर घाबरू नका, रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळे तसं होतं. मग पाच मिनिटं थांबायचं. पाच मिनिटांनी दुखणं गेलेलं नसेल किंवा वाढलं असेल तर ॲम्ब्युलन्सला फोन, तिथे विचार करत बसायचं नाही. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत पाच-पाच मिनिटांच्या अंतराने अजून एक-दोन डोस घेता येतात पण एकूण तीनच्या पुढे नाही, आणि चक्कर येत असेल तर पुढचा डोस नाहीच. ही गोळी दिलेलीच नसेल तर दुसऱ्याची मागून घेऊ नका, नुसतं बसा, आणि पाच मिनिटांत गेलं नाही तर फोन.

पाच मिनिटंसुद्धा थांबायचं नाही असे प्रसंग कागदावर वेगळे, ठळक लिहा: दुखणं जोरात आहे आणि गार घाम सुटलाय, दम लागून वाक्य पूर्ण होत नाही, शुद्ध हरपतेय, किंवा पहिल्या वेळी झालं होतं अगदी तसंच होतंय. यात आधी फोन, बाकीचं नंतर.

फोन झाला की दार उघडून ठेवायचं, कागद हातात ठेवायचा, स्वतः गाडी चालवत निघायचं नाही. घरच्यांनी गाडीत घालून नेण्यापेक्षा ॲम्ब्युलन्स बरी, कारण वाटेत हृदयाचे ठोके बिघडले तर शॉक द्यायचं मशीन तिच्यात असू शकतं. ॲस्पिरिन चावून खायची का हे फोनवर विचारा किंवा डॉक्टरांकडून कागदावर आधीच लिहून घ्या, कारण तुमच्यातले बरेच जण रोज ॲस्पिरिन घेतातच आणि काहींना ती चालत नाही.

जिभेखालच्या गोळीबद्दल दोन गोष्टी लोकांना कोणी सांगत नाही. एक, लैंगिक संबंधांसाठीच्या गोळ्या, म्हणजे सिल्डेनाफिल घेतली असेल तर २४ तास आणि टाडालाफिल घेतली असेल तर ४८ तास जिभेखालची गोळी किंवा स्प्रे घ्यायचा नाही, बीपी धोकादायक खाली जातं, आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना हे न लाजता सांगायचं. दोन, ती तिच्या मूळ गडद काचेच्या बाटलीतच ठेवायची, उजेड आणि उष्णतेने तिची ताकद जाते, त्यामुळे शर्टाच्या खिशात पुडी करून महिनोन्महिने फिरवलेल्या गोळीवर भरवसा ठेवू नका. बाटली उघडल्याची तारीख वर लिहा आणि मुदत संपली की नवीन घ्या.

आता गोळीने पाच मिनिटांच्या आत बरं वाटलं तर? तरी विषय संपत नाही, ते लिहून ठेवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. आणि उलटही लक्षात घ्या, गोळीने थांबलं म्हणजे ते हृदयाचंच होतं असं सिद्ध होत नाही, अन्ननलिका आवळल्यामुळे दुखत असेल तर तेही याच गोळीने थांबू शकतं. म्हणून गोळीला टेस्ट समजू नका. दुखणं आधीपेक्षा वारंवार यायला लागलं, कमी श्रमात यायला लागलं किंवा आराम करताना आलं, तर गोळीने गेलं तरी त्याच दिवशी हॉस्पिटल.

त्या पाच मिनिटांत करायला एक काम देतो, नाहीतर माणूस नुसता छातीकडे कान लावून बसतो: नाकाने चार आकडे मोजत श्वास आत, ओठ जरा आवळून सहा आकडे मोजत बाहेर. मुंग्या आणि डोकं हलकं होणं याने बऱ्याचदा कमी होतं. पण घड्याळ चालूच ठेवायचं, श्वासाने बरं वाटेल म्हणून पाचाची दहा मिनिटं करायची नाहीत.

हा कागद एकट्याचा नाही, घरच्यांनी पण तो वाचलेला पाहिजे. "फोन करू का नको, हा ओरडेल का" हा वाद रात्री घालण्यापेक्षा आजच ठरवून टाका की पाच मिनिटांनंतर निर्णय घड्याळाचा, पेशंटचा नाही. आणि घरातल्या एकाने तरी सीपीआर शिकून घ्या.

पायरी ३: हॉस्पिटलात गेलात आणि काही निघालं नाही तर

लोकांना याची फार लाज वाटते, "तिसऱ्यांदा आलो आणि परत काहीच नाही" म्हणून. लाजू नका. तिथे काय करतात ते माहीत असलं की धीर येतो: पोचल्यावर १० मिनिटांच्या आत ईसीजी झाला पाहिजे, मग ट्रोपोनिनची रक्ततपासणी, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात जे वाढतं ते, आणि ती एकदा करून भागत नाही, काही तासांनी परत करतात. ट्रोपोनिन अटॅकनंतर एक-दोन आठवडे वाढलेलंच राहू शकतं म्हणून नुसता आकडा बघत नाहीत, दोन तपासण्यांमध्ये तो चढतोय की उतरतोय की तसाच आहे ते बघतात. नवीनच डिस्चार्ज मिळालेला माणूस रिपोर्टवर "हाय" बघून हादरतो, म्हणून मुद्दाम सांगितलं. निघताना जुन्या आणि नव्या दोन्ही ईसीजीच्या कॉपी मागा आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा, पुढच्या वेळी डॉक्टरला तुलना करायला मिळाली की निर्णय लवकर होतो.

हातातल्या स्मार्टवॉचच्या ईसीजीबद्दल रोज कोणीतरी विचारतं. तो एका लीडचा असतो, ठोके अनियमित आहेत का ते त्यात समजू शकतं, पण हार्ट अटॅक त्यात ओळखता येत नाही, त्यासाठी हॉस्पिटलातला १२ लीडचा ईसीजी लागतो. म्हणजे छातीत दुखत असताना वॉचवर "नॉर्मल" आलं म्हणून घरी थांबणं चुकीचं आहे.

पायरी ४: तपासत राहणं कमी करा

कागद लिहून झाला की मगच ही पायरी, आधी नाही. मनगटावर बोट ठेवून पल्स बघणं, दिवसातून आठ-दहा वेळा बीपी, बायकोने रात्री उठून श्वास चालू आहे का बघणं, हे सगळं बहुतेक घरांत चालतं. प्रत्येक वेळी ठीक निघतं आणि पाच-दहा मिनिटं बरं वाटतं, मग मेंदू असा धडा घेतो की तपासलं म्हणून वाचलो, आणि पुढच्या वेळी अजून लवकर तपासायला लावतो. वर बीपी घाबरलेलं असताना मोजलं तर ते वाढलेलंच येतं, की परत मोजा.

एकदम बंद करायला सांगितलं तर कोणी करत नाही. आधी एक आठवडा नुसतं लिहा, कितीदा तपासलं. मग बीपीची वेळ ठरवून टाका, डॉक्टरांनी जी सांगितली असेल ती, पाच मिनिटं शांत बसून, आणि मध्ये मोजायचं नाही. मध्ये मोजावंसं वाटलं तर दहा मिनिटं पुढे ढकला, मग वीस. ती उचंबळ वर जाते आणि आपोआप खाली येते, हे दोन-चार वेळा स्वतः बघितलं की विश्वास बसायला लागतो. घरच्यांनी पण "बरं आहे ना? नक्की ना?" हे दिवसातून एकदाच विचारायचं ठरवा, त्यांच्यासाठी हे जास्त अवघड असतं.

तपासणं कमी करायचं म्हणजे त्रास लपवायचा असं नाही. धडधडीबरोबर चक्कर आली, शुद्ध गेली, पायावर सूज आली, दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, आडवं झोपलं की दम लागायला लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर, आणि शुद्ध गेली असेल तर थेट ॲम्ब्युलन्स.

पायरी ५: चालायला लागा

भीतीपोटी माणूस सगळ्यात आधी हालचाल सोडतो, मग स्नायू ढिले पडतात, मग एक जिना चढला तरी दम लागतो, मग त्याला वाटतं हार्ट गेलं. अटॅकनंतरच्या पहिल्या महिन्यांत लागणारा बराचसा दम हा अशा पडून राहण्याचा असतो. ज्यांना कार्डिॲक रिहॅबला जाता येतं त्यांनी जाच, तिथे देखरेखीखाली व्यायाम होतो, आणि अशा प्रोग्रॅममुळे परत ॲडमिट व्हायची वेळ कमी येते हे अभ्यासांमधून दिसलेलं आहे. ज्यांना शक्य नाही त्यांनी डॉक्टरांची परवानगी घेऊन असं सुरू करा.

सपाट रस्ता, ५ ते १० मिनिटं, दिवसातून दोनदा. वेग असा की बोलता आलं पाहिजे पण गाणं म्हणता येऊ नये. पहिली काही मिनिटं अगदी हळू आणि शेवटची काही मिनिटं पण हळू, एकदम थांबायचं नाही. दर आठवड्याला काही मिनिटं वाढवत ३० मिनिटांपर्यंत, आठवड्यातले बहुतेक दिवस. बीटा ब्लॉकर म्हणजे मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल यातलं काही चालू असेल तर पल्स मुद्दाम कमी ठेवलेली असते, त्यामुळे इंटरनेटवरचा "२२० वजा वय" वगैरे हिशोब तुम्हाला लागू नाही, बोलता येतंय का एवढंच बघा. भरल्या पोटी आणि कडक ऊन किंवा थंडीत नको. छातीत दाब आला की थांबा, बसा आणि कागद.

आणि भीतीसाठी वेगळी शिडी: आधी घरच्यांबरोबर, मग ते पन्नास पावलं मागे, मग ते घरी आणि तुम्ही फोन, गोळी आणि कागद खिशात घेऊन एकटे (गोळी बाटलीतच). प्रत्येक टप्प्यावर भीती निम्म्यावर येईपर्यंत तिथेच राहायचं, घाईने पुढचा टप्पा घ्यायचा नाही. लैंगिक संबंधांबद्दलही हाच धागा, दोन मजले भरभर चढून छातीत काही होत नसेल तर सहसा हरकत नसते, पण तुमच्या डॉक्टरांना एकदा स्पष्ट विचारा, ते स्वतःहून विषय काढतीलच असं नाही.

एक केस

दोन-तीन पेशंटचे अनुभव एकत्र करून सांगतोय, म्हणजे कोणा एकाची ओळख पटणार नाही. पन्नाशीतला माणूस, हृदयाच्या पुढच्या मोठ्या रक्तवाहिनीत, जिला आम्ही एलएडी म्हणतो, स्टेंट, सहा आठवडे झालेले. गोळ्या: ॲस्पिरिन, टिकाग्रेलोर, ॲटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलोल. महिन्यात तीनदा रात्री कॅज्युअल्टी, तिन्ही वेळा ईसीजी जुन्यासारखाच आणि ट्रोपोनिन दोन्ही तपासण्यांत सारखंच. घरी अंघोळ दार उघडं ठेवून, जिना बंद, बायकोची झोप गेलेली.

आम्ही त्याला रात्रीचं वर्णन करायला लावलं. डाव्या स्तनाखाली एका बोटाने दाखवला बिंदू, दोन-तीन सेकंद टोचतं, मग धडधड, मग बोटांना मुंग्या. आणि शिवाय दिवसासुद्धा, निवांत बसून पेपर वाचताना, मधूनच "श्वास पुरत नाही" असं वाटायचं आणि मोठा श्वास घ्यावा लागायचा, काही मिनिटांनी आपोआप जायचं. जिन्यावर जास्त नाही, आडवं झोपल्यावर जास्त नाही, पायाला सूज नाही, इको ठीक. हे टिकाग्रेलोरचं वर्णन होतं. या गोळीने काही जणांना असा दम लागतो, बहुतेक वेळा सौम्य आणि सुरुवातीच्या दिवसांत, फुप्फुस किंवा हृदय त्याने खराब होत नाही, पण अटॅकमधून उठलेल्या माणसाला हे कोणी सांगितलेलं नसलं तर तो काय समजणार? त्याने मनात गोळी बंद करायचंही ठरवलं होतं आणि तेच खरं धोक्याचं होतं. ताज्या स्टेंटमध्ये गाठ होऊन तो बंद पडू नये म्हणून ॲस्पिरिनबरोबरची ही दुसरी गोळी साधारण वर्षभर असते, ती स्वतःहून सोडली तर ज्या दुसऱ्या अटॅकला आपण घाबरतोय त्यालाच आमंत्रण. आम्ही त्याला व्यवस्थित पद्धतीने दुसऱ्या गोळीवर नेलं, म्हणजे मध्ये एकही दिवस रिकामा न ठेवता, आणि दम थांबला.

मग कागद भरला, चालणं सुरू झालं. पुढच्या महिन्यात एकदा रात्री परत टोचलं. तो बसला, वेळ लिहिली, बायकोने कागद काढला, टोचणं मिनिटभरात गेलं, मुंग्या श्वासाने गेल्या, आणि दोघं हॉस्पिटलात न जाता झोपले.

काही आठवड्यांनी वेगळंच झालं. जड पिशवी घेऊन जिना चढताना छातीच्या मध्यभागी अख्ख्या तळव्याएवढा दाब आला, डाव्या दंडापर्यंत गेला. बसला, एक स्प्रे घेतला, तीन मिनिटांत गेलं. त्याने त्याच दिवशी फोन केला. आम्ही दोन दिवसांनंतरची वेळ देत होतो, पण तो म्हणाला की सकाळी नुसतं चालतानाही हलकं असं झालं होतं, आणि कागदावर "कमी श्रमात आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल" लिहिलंय. त्याला लगेच ॲडमिट करून घेतलं. अँजिओग्राफीत जुना स्टेंट मोकळा होता पण उजव्या बाजूच्या रक्तवाहिनीत मोठा अडथळा सापडला, तो अटॅक यायच्या आत उघडला. एकाच माणसाला दोन्ही वेळा तोच कागद उपयोगी पडला, एकदा घरी थांबायला आणि एकदा निघायला, आणि मला वाटतं त्या दिवसानंतर त्याची भीती खऱ्या अर्थाने उतरली, कारण शरीराचं सांगणं आपल्याला ऐकू येतं हे त्याला कळलं.

गोळ्यांचं थोडक्यात, आणि भीती उतरतच नसेल तर

दात काढायचाय, छोटं ऑपरेशन आहे, कोणीतरी म्हणालं रक्त पातळ करायच्या गोळ्या चार दिवस बंद करा, तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन. डोस विसरलात तर पुढचा नेहमीच्या वेळेला, डबल नाही. कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट चांगला आला म्हणून सोडू नका, तो गोळीमुळेच चांगला आलाय. एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल तुमच्यासाठी किती असावं ते विचारा, अटॅकनंतर बऱ्याच जणांना ५५ च्या खाली ठेवायला सांगतात. सिगारेट असेल तर ती सोडण्याने जेवढा फरक पडतो तेवढा फार थोड्या औषधांनी पडतो.

आणि कागद, चालणं सगळं करूनही दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, आयसीयूची स्वप्नं पडतायत, कशातच मन लागत नाही, किंवा हॉस्पिटलचा वास नको म्हणून तपासणी टाळताय, तर हे तपासणीला गेल्यावर स्वतःहून सांगा. अटॅकनंतर साधारण पाचातल्या एकाला डिप्रेशन येतं आणि काहींना अटॅकच्याच आठवणींचा त्रास होत राहतो. अशी माणसं पुढे गोळ्या चुकवायला लागतात, कारण रोजची गोळी त्याच दिवसाची आठवण करून देते. याला उपचार आहेत, बोलून करायची थेरपी आहे, आणि औषध लागलं तर हृदयाच्या पेशंटमध्ये वापरून बघितलेली औषधं आहेत, उदाहरणार्थ सर्ट्रालिन. फक्त मानसोपचारतज्ज्ञांना हृदयाच्या गोळ्यांची यादी दाखवा, कारण सगळीच औषधं सगळ्यांना चालत नाहीत आणि काहींनी रक्तस्राव वाढू शकतो.

नवीन आलेल्यांनी या आठवड्यात फक्त कागदाचं काम करा, बाकी पायऱ्या तो डॉक्टरांनी बघितल्यावर. एक कॉपी पलंगाजवळ, एक पाकिटात, एक घरच्यांच्या फोनमध्ये, आणि कुठलीही गोळी बदलली की जुना कागद फाडून नवा, वर तारीख घालून.